जर्नलचे नियम कोणत्या क्रमाने वाचावेत?

‘प्लॉस वन’ हे अमेरिकेतल्या पब्लिक लायब्ररी ऑफ सायन्स या ना-नफा संस्थेचे संशोधनपर नियतकालिक २००६ सालापासून निघते. त्याचा छापील अंक नसतो आणि त्यातला प्रत्येक निबंध कोणालाही फुकट वाचता येतो. निबंध घेताना तो किती गाजेल याचा विचार इथे होत नाही. काम शास्त्रीयदृष्ट्या नीट झाले आहे का आणि निष्कर्षांना हाती असलेल्या माहितीचा आधार आहे का, एवढेच पाहण्याचे त्याचे धोरण आहे. पहिलाच निबंध लिहिणाऱ्या, एखाद्या जिल्ह्यातल्या छोट्या प्रश्नावर मन लावून काम केलेल्या माणसाला हे धोरण आधार देणारे आहे. पण निबंध पाठवण्याआधी त्याच्या लेखकांसाठीच्या सूचना वाचाव्या लागतात. त्या एका बैठकीत वाचून संपत नाहीत आणि एकदा वाचून लक्षातही राहत नाहीत. म्हणून त्यांचा एक-दोन पानांचा सारांश स्वतःच्या हाताने करावा, असे मी प्रत्येक नव्या संशोधकाला सांगतो. हा सारांश कसा करावा, त्याचे हे विवेचन.

या सूचनांची सुरुवात फाइल कोणत्या प्रकारची असावी, अक्षर कोणते, ओळींत अंतर किती, इथून होते. नीतीचे नियम, विदा खुली करण्याचे नियम हे पुढे येतात आणि त्यांचे तपशील वेगळ्या धोरणांत दिलेले असतात. नवा संशोधकही त्याच क्रमाने वाचत जातो. शिवाय तो हे वाचायला घेतो तेव्हा त्याचे काम झालेले असते, प्रश्नावल्या भरून आलेल्या असतात, तक्ते तयार असतात. अक्षर आणि अंतर तेव्हा एका संध्याकाळीत सुधारता येते. संमतीपत्रात एक वाक्य राहून गेले असेल, तर ते तेव्हा कोणत्याच मार्गाने घालता येत नाही. सारांश करताना माझा आग्रह असतो तो यासाठीच. नियम ज्या क्रमाने छापले आहेत तो क्रम सोडून द्यावा आणि ते ज्या वेळी पाळायचे आहेत त्या वेळेप्रमाणे लावावेत. अभ्यास सुरू होण्यापूर्वीचे नियम, लिहितानाचे नियम आणि पाठवण्याच्या दिवशीचे नियम, असे. मांडणी, लांबी, नीती आणि सादरीकरण हे चारही विषय त्यात आपोआप बसतात, फक्त नीती सगळ्यात वर जाते.

उदाहरण घेऊ. समजा, फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर वर्गातली एक विद्यार्थिनी ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या कंबरदुखीचा अभ्यास करणार आहे. हंगामात साखर कारखान्याच्या आसपास टोळ्या उतरतात, तिथे जाऊन ती ३०० बायकांशी बोलणार. वय, किती हंगाम काम केले, दिवसाला किती मोळ्या उचलल्या, दुखणे कधी सुरू झाले, उपचार घेतले का, असे प्रश्न ती मराठीत विचारणार. रक्त काढायचे नाही, औषध द्यायचे नाही. वरवर पाहता हे अगदी निरुपद्रवी काम वाटते आणि ‘यात नीतीचा प्रश्न कुठे आला’ असे तिला वाटण्याचा संभवही मोठा आहे.

जर्नलचा नियम असा आहे की माणसांवरच्या संशोधनाला नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते आणि ती अभ्यास सुरू होण्यापूर्वीची असावी लागते. निबंधाच्या पद्धतीविषयक भागात समितीचे पूर्ण नाव आणि मंजुरीचा क्रमांक द्यावा लागतो. समितीने मंजुरीची गरज नाही असे ठरवले असेल, तर तसे कारणासह लिहावे लागते. हे ठरवायचे समितीने, संशोधकाने नव्हे. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वे याच दिशेची आहेत. त्यामुळे ‘आधी माहिती गोळा करू, मग समितीचे पत्र घेऊ’ हा मार्ग दोन्हीकडून बंद आहे. समितीच्या पत्रावर तारीख असते आणि प्रश्नावल्यांवरही असते. पत्र जानेवारीचे आणि पहिली मुलाखत आदल्या नोव्हेंबरातली असेल, तर संपादकीय कार्यालयाच्या एका प्रश्नात ते उघडे पडते आणि मग सांगण्यासारखे काही उरत नाही. सारांशातली पहिली नोंद म्हणून अशी असावी: ‘पहिल्या मुलाखतीच्या आधी समितीचे पत्र हवेच. समितीचे नाव, क्रमांक, तारीख जशीच्या तशी उतरवून ठेवणे.’

दुसरी गोष्ट संमतीची. संमती घेतली का एवढेच जर्नल विचारत नाही, ती कशी घेतली हेही विचारते. लेखी की तोंडी? तोंडी असेल तर लेखी का नाही, तिची नोंद कशी ठेवली, साक्षीदार कोण होते? टोळीतल्या अनेक बायकांना वाचता येत नसेल, तर नुसता अंगठा घेऊन भागत नाही. मजकूर वाचून दाखवायचा, समजला का ते विचारायचे, अंगठ्याचा ठसा घ्यायचा आणि अभ्यासाशी संबंध नसलेल्या, लिहिता-वाचता येणाऱ्या साक्षीदाराची सही घ्यायची, अशी आपल्याकडची रीत मार्गदर्शक तत्त्वांत सांगितली आहे. इथे एक पेच असा, की त्या ठिकाणी लिहिता-वाचता येणारा माणूस बऱ्याचदा मुकादमच असतो. त्याने उचल दिलेली असते, टोळी त्याच्या शब्दाबाहेर नसते. त्याला साक्षीदार केले, तर त्या संमतीतली मोकळीकच संपली. टोळीत शिरायला मुकादमाची परवानगी लागेल, ती जरूर घ्यावी. पण ती बाईच्या संमतीच्या जागी चालत नाही. साक्षीदार म्हणून अंगणवाडी सेविका किंवा जवळच्या शाळेतल्या शिक्षिका यांना विचारता येते. निबंधात हे सगळे तीन-चार वाक्यांत येईल, पण त्यासाठीची तजवीज मात्र फडावर जाण्याच्या आधी झालेली असावी लागते.

त्यात सोळा-सतरा वर्षांच्या मुलीही असतात, काहींची लग्ने झालेली असतात. वय अठराच्या आत असेल तर पालकांची किंवा कायदेशीर पालकत्व असलेल्याची संमती घेतली का, हे जर्नल स्पष्ट विचारते. आपल्या तत्त्वांप्रमाणे बारा ते अठरा वयाच्या मुलीचा स्वतःचा लेखी होकारही लागतो. आई-वडील गावाकडे आणि मुलगी कारखान्यावर असेल, तर ही संमती कशी मिळवायची हे समितीपुढच्या अर्जातच लिहावे लागेल. नाहीतर अभ्यास अठरा वर्षे पूर्ण झालेल्या बायकांपुरताच ठेवावा आणि तसे निबंधात सांगावे. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. अठराच्या आतल्या मुलींना गुपचूप ‘१८’ लिहून घेणे हा तिसरा मार्ग फडावर सहज सुचतो. तो अभ्यासाची माहितीच खोटी करतो.

यापुढचा नियम नव्या माणसाच्या सर्वात उशिरा ध्यानात येतो आणि माझ्या मते या सगळ्या सूचनांतला तोच सर्वात महत्त्वाचा आहे. निष्कर्ष ज्या माहितीवर उभे आहेत, ती मूळ माहिती निबंधासोबत इतरांना उपलब्ध करून द्यावी लागते. २०१४पासून या जर्नलचा हा दंडक आहे. प्रत्येक निबंधासोबत ‘माहिती कुठे मिळेल’ असे निवेदन छापले जाते. ‘मागितल्यास लेखक देतील’ एवढ्यावर सहसा भागत नाही. म्हणजे आपल्या विद्यार्थिनीला ३०० ओळींचा तो तक्ता झेनोडो किंवा फिगशेअर यांसारख्या खुल्या भांडारात ठेवावा लागेल, नाहीतर निबंधाला जोडावा लागेल.

आता तो तक्ता डोळ्यांसमोर आणावा. नाव काढून टाकले आहे, पण गाव आहे, वय ३४ आहे, मुले चार आहेत, नवरा वारलेला आहे, टोळीचे नाव आहे, गर्भाशयाची शस्त्रक्रिया झाली आहे. त्या गावातला कोणीही माणूस ही बाई कोण ते सांगेल. नाव खोडले म्हणजे ओळख पुसली, असे होत नाही. त्यावर उपाय आहेत. गाव आणि टोळी हे रकाने तक्त्यातून काढायचे, वय ‘३० ते ३९’ अशा गटात द्यायचे, विश्लेषणात न वापरलेला रकाना ठेवायचाच नाही. तरीही ओळख पटण्याची भीती उरत असेल, तर जर्नल अपवाद मान्य करते. पण मग निर्बंध कोणता, तो कोणी घातला आणि माहिती हवी असल्यास कोणाकडे अर्ज करायचा, हे लिहावे लागते. तो पत्ता लेखकाचा चालत नाही, नीतिमत्ता समितीसारख्या तिऱ्हाईत ठिकाणाचा लागतो. आणि मुळात संमतीपत्रातच ‘तुमचे नाव-गाव काढून ही माहिती इतर संशोधकांना दिली जाऊ शकते’ अशा अर्थाचे वाक्य असायला हवे. ‘ही माहिती आमच्याशिवाय कोणीही पाहणार नाही’ असे वचन तीनशे बायकांना देऊन आलेल्या संशोधकाला नंतर जर्नलपुढे खरोखरच अडचण येते. त्या वेळी दिलेला शब्दच पाळायला हवा आणि अपवादाचाच मार्ग धरायला हवा.

याच वेळेचे आणखी दोन नियम थोडक्यात. प्रश्नावली स्वतः तयार केली असेल आणि तिच्यावर कोणाचा अडसर ठरणारा स्वामित्वहक्क नसेल, तर ती मूळ भाषेत आणि इंग्रजीत, दोन्ही रूपांत जोडायला सांगितले जाते. म्हणजे मराठी प्रश्नावलीही प्रसिद्ध होते. ती घाईत झेरॉक्स केलेली, मधेच पेनाने दुरुस्त केलेली असू नये. शेवटचे रूप टाइप करून जपून ठेवावे. कोणा दुसऱ्याची प्रश्नावली भाषांतरित करून वापरली असेल, तर त्याची परवानगी आधीच मागावी. दुसरा नियम प्रयोगाचा. फडावर गेल्यावर विद्यार्थिनीला वाटू शकते, की अर्ध्या बायकांना कंबरेचे व्यायाम शिकवू आणि महिन्याने फरक पाहू. माणसांना गट पाडून काही उपाय दिला आणि त्याचा आरोग्यावरचा परिणाम मोजला, तर ती क्लिनिकल ट्रायल होते, मग उपाय औषधाचा असो की व्यायामाचा. तिची नोंद पहिली व्यक्ती दाखल होण्याआधी व्हावी लागते. भारतात ती क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीमध्ये होते आणि १ एप्रिल २०१८पासून तिथे मागाहून नोंद घेतली जात नाही. म्हणून सारांशात या नियमापुढे ‘लागू नाही’ एवढेच लिहू नये. ‘लागू नाही, कारण फक्त मुलाखती, व्यायाम शिकवायचे ठरले तर लागू’ असे लिहावे. कारण लिहिले की बेत बदलला त्याच क्षणी नियम आठवतो.

इथे सारांश लिहिण्याच्या पद्धतीबद्दल बोलायला हवे. सूचनांमध्ये तीन तऱ्हेची क्रियापदे असतात. काही गोष्टी हव्याच असतात, काही असाव्यात अशी शिफारस असते, काही केल्या तरी चालतात. वाक्य छोटे करताना सर्वात आधी हाच फरक गळून पडतो आणि सगळे नियम एकाच वजनाचे दिसू लागतात. मग निष्कर्षाचा वेगळा विभाग ‘हवाच’ म्हणून दोन दिवस खर्ची पडतात, वस्तुतः तो ऐच्छिक असतो; आणि समितीचा क्रमांक ‘असल्यास बरा’ म्हणून राहून जातो. माझी सूचना साधी आहे. प्रत्येक नोंदीच्या शेवटी ‘हवेच’, ‘बरे’, ‘चालेल’ यांपैकी एक शब्द लिहावा. आणि मूळ नियमात ‘जर’ असेल, तर तो सारांशात कधीही गाळू नये.

आता लिहितानाचे नियम. लांबीबद्दल या जर्नलचा नियम ऐकून नवा माणूस सुखावतो: निबंधाला शब्दमर्यादा नाही, आकृत्यांना संख्येची मर्यादा नाही. त्यामुळे प्रबंधाचे शंभर पानांचे बाड थोडे कापून तसेच पाठवण्याचा मोह होतो. पण त्याच सूचनांत मजकूर आटोपशीर ठेवावा असेही म्हटले आहे आणि ते वाचणारे परीक्षक विनामोबदला काम करणारे असतात. खऱ्या मर्यादा छोट्या जागांवर आहेत. गोषवारा ३०० शब्दांपलीकडे जाऊ नये, त्यात संदर्भक्रमांक नकोत आणि संक्षेप शक्यतो टाळावेत. शीर्षक २५० अक्षरांच्या आत हवे आणि एक छोटे शीर्षक १०० अक्षरांच्या आत. इथे शब्द मोजायचे नसून अक्षरे मोजायची आहेत, मधल्या मोकळ्या जागांसकट मोजून पाहावे.

प्रबंधातून निबंध काढताना कुठे कापायचे, हे मात्र कोणत्याही सूचनेत सांगितलेले नसते. आपल्या उदाहरणात प्रबंधाचा पहिला भाग ऊसतोडीचा इतिहास, पाठीच्या कण्याची रचना, आधीचे सगळे अभ्यास यांनी भरलेला असेल. निबंधात कण्याची रचना पूर्ण जाते. इतिहासाचा एकच परिच्छेद राहतो, कारण परदेशी वाचकाला मुकादम, उचल आणि नवरा-बायको मिळून होणारा ‘कोयता’ कळल्याशिवाय पुढचे समजणार नाही. आधीच्या अभ्यासांपैकी आपल्या प्रश्नाला थेट भिडणारेच उरतात. पद्धतीचा भाग मात्र कापू नये, उलट वाढवावा. बायका कशा निवडल्या, किती जणींनी नकार दिला, ३०० ही संख्या कुठून आली, मुलाखत कोणी आणि कुठे घेतली, हे प्रबंधात दोन ओळींत उरकलेले असते आणि या जर्नलच्या परीक्षकाला नेमके तेच पाहायचे असते. काम शास्त्रशुद्ध आहे का, हा त्याचा एकमेव प्रश्न असल्याने त्याचे उत्तर तिथेच मिळायला हवे.

मांडणीचे नियम सोपे आहेत, तरी काही जागी पाय अडकतो. मसुदा वर्डच्या फाइलमध्ये, ओळींत दुप्पट अंतर ठेवून, एकाच स्तंभात. पानांना क्रमांक आणि ओळींनाही क्रमांक द्यायचे. ओळींचे क्रमांक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग जातात, प्रत्येक पानावर पुन्हा एकपासून नाही. कारण परीक्षक ‘ओळ २१४ पाहा’ असे लिहितो. कोणतेही नेहमीचे अक्षर चालते, फक्त ‘सिम्बॉल’ नावाचा फॉन्ट चालत नाही. अल्फा, म्यू अशी चिन्हे वर्डमधल्या चिन्हांच्या यादीतून घालावी लागतात. मथळ्यांच्या पायऱ्या तीनपेक्षा जास्त नकोत. तळटिपा चालत नाहीत. आपल्याकडच्या मानव्यविद्यांच्या लेखनात तळटिपांची सवय असते, त्यामुळे तिथून आलेल्या सहलेखकाला हे आधीच सांगून ठेवावे.

तक्ते आणि आकृत्या यांचा नियम मात्र नीट वाचावा लागतो, कारण दोघांना वेगवेगळी वागणूक आहे. तक्ता मसुद्यातच, ज्या परिच्छेदात त्याचा प्रथम उल्लेख येतो त्याच्या लगेच खाली ठेवायचा, शेवटी गोळा करायचा नाही. तो वर्डचा खरा तक्ता हवा, स्क्रीनवरून उचललेले चित्र नको. आकृती मात्र मसुद्यात अजिबात नको. तिची प्रत्येकी स्वतंत्र फाइल, टिफ किंवा ईपीएस प्रकारची, इंचाला ३०० ते ६०० ठिपके इतकी ठळक, Fig1.tif अशा नावाने. आकृतीचे शीर्षक आणि स्पष्टीकरण मात्र मसुद्यात, उल्लेखाच्या परिच्छेदाखाली. संदर्भ व्हँकुव्हर पद्धतीने, म्हणजे मजकुरात चौकटी कंसात क्रमांक आणि शेवटी त्याच क्रमाने यादी. एका संदर्भाला सहापेक्षा जास्त लेखक असतील तर पहिले सहा देऊन ‘आणि इतर’ या अर्थाचा संक्षेप.

आकृत्यांच्या बाबतीत एक अडचण सर्वेक्षण करणाऱ्यांना हटकून येते ती नकाशाची. बीडमधून बायका कुठे कुठे जातात हे दाखवायला विद्यार्थिनी गुगलच्या नकाशाचे चित्र घेईल आणि त्यावर बाण काढेल. हे जर्नल सगळा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अशा परवान्याखाली छापते, की श्रेय देऊन तो कोणीही, अगदी व्यापारी कामासाठीही, पुन्हा वापरू शकेल. गुगलचा नकाशा त्या परवान्याखाली देण्याचा हक्क आपल्याला नाही, म्हणून तो नाकारला जातो. नॅचरल अर्थसारख्या मुक्त स्रोतातल्या सीमारेषा घेऊन नकाशा स्वतः काढावा आणि स्रोत सांगावा. हाच नियम पुस्तकातल्या आकृतीला आणि वर्तमानपत्रातल्या छायाचित्राला लागू. बाईचा चेहरा दिसेल असे छायाचित्र छापायचे असेल, तर मुलाखतीची संमती त्याला पुरत नाही. छायाचित्र सर्वांसाठी खुलेपणाने प्रसिद्ध होणार आहे हे सांगून स्वतंत्र संमती घ्यावी लागते आणि त्यासाठी जर्नलचा नमुना आहे.

अनुदानाबद्दल अनेकांना आश्चर्य वाटते. आपल्याकडे ऋणनिर्देशात ‘अमुक संस्थेच्या अर्थसाहाय्याने’ असे लिहिण्याची रीत आहे. या जर्नलला ते मसुद्यात कुठेही नको असते. अनुदान कोणाचे, क्रमांक काय, देणाऱ्याचा अभ्यासात हात होता का, हे सादरीकरणाच्या वेळी वेगळ्या रकान्यांत भरायचे. लेखकांचे हितसंबंधही तिथेच. अनुदान मिळाले नसेल, तर तसे सांगायचे. आपल्या उदाहरणात समजा प्रवासखर्च साखर कारखान्याने दिला. रक्कम लहान असली तरी ते सांगावेच लागेल, कारण अभ्यास त्याच कारखान्याला ऊस पुरवणाऱ्या बायकांच्या दुखण्याचा आहे.

पाठवण्याच्या दिवसाची तयारी आदल्या आठवड्यात करावी. निबंध एडिटोरियल मॅनेजर या प्रणालीतून दाखल होतो. पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ऑर्किड क्रमांक लागतो. तो फुकट आणि काही मिनिटांत मिळतो. सगळ्या सहलेखकांचे चालू ईमेल हवेत, कारण त्यांना कळवले जाते. प्रत्येकाने नेमके काय केले हे ठरलेल्या भूमिकांमधून निवडायचे असते: कल्पना, माहितीसंकलन, विश्लेषण, पहिला मसुदा, देखरेख वगैरे. ही निवड करताना लेखकपदाचा प्रश्न समोर येतोच. नुसते विभागप्रमुख असणे किंवा निधी मिळवून देणे याने कोणी लेखक होत नाही. लेखकाने कामात खरा वाटा उचललेला हवा, मसुद्यात भर घातलेली हवी, शेवटच्या रूपाला मान्यता दिलेली हवी आणि कामाची जबाबदारी घेतलेली हवी. टोळ्यांपर्यंत पोचवणाऱ्या स्थानिक कार्यकर्तीने मुलाखतींचे आराखडे बदलायला लावले असतील आणि मसुदा वाचून दुरुस्त केला असेल, तर ती लेखिका होऊ शकते; फक्त रस्ता दाखवला असेल तर तिचे नाव ऋणनिर्देशात, तिला विचारून. नावांचा क्रम त्या दिवशी ठरवू नये, पहिला मसुदा लिहिण्याआधी ठरवून ईमेलवर लिहून ठेवावा. नंतर नाव वाढवणे किंवा काढणे याला सगळ्यांची संमती आणि कारण लागते.

सोबतचे पत्र एका पानाचे. त्यात अभ्यासाने काय भर पडली, आधीच्या कामाशी नाते काय आणि निबंधाचा प्रकार कोणता एवढे लिहावे. शुल्कात सवलत त्या पत्रात मागू नये, त्यासाठी प्रणालीत वेगळी जागा आहे. प्रसिद्धीचे शुल्क निबंध स्वीकारला गेल्यावर भरायचे असते आणि ते विद्यार्थिनीला स्वतःच्या खिशातून परवडणारे नसते. म्हणून सवलत मागण्याची रीत आणि त्या दिवसाचा दर पाठवण्याआधीच पाहावा. वेळ निघून गेल्यावर मागण्यात धोका आहे. तोच निबंध त्याच वेळी दुसऱ्या जर्नलकडे असता कामा नये. प्रीप्रिंट म्हणून आधी प्रसिद्ध केलेला चालतो, विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधातून काढलेलाही चालतो, मात्र ते सांगावे. मजकुराचे साम्य सॉफ्टवेअरने तपासले जाते. प्रबंध विद्यापीठाच्या भांडारात असेल, तर साम्य तिथेच दिसेल आणि आधी सांगितले असल्यास त्याचा खुलासा आपोआप होईल.

दाखल झाल्यावर निबंध लगेच परीक्षकांकडे जात नाही. आधी कार्यालय वरचेच मुद्दे तपासते: समितीचा क्रमांक आहे का, माहितीचे निवेदन पुरते का, आकृत्या उघडतात का, प्रश्नावली जोडली का. काही उणे असेल तर निबंध परत येतो. पहिल्यांदा पाठवणारे बरेच जण हे परत येणे नकार समजतात आणि फाइल बंद करून ठेवतात. तो नकार नसतो. पत्रात मागितलेल्या प्रत्येक मुद्द्याला क्रमाने उत्तर द्यावे, दुरुस्त फाइल पुन्हा चढवावी आणि जे देता येत नाही ते का देता येत नाही ते स्पष्ट लिहावे. पत्र आले त्या दिवशी जुना सारांश हाताशी असेल, तर त्यावर केल्याची तारीखही असावी. या सूचना अधूनमधून बदलतात, म्हणून उत्तर लिहिण्याआधी त्या त्या मुद्द्यापुरता मूळ नियम पुन्हा एकदा वाचून घ्यावा.